उत्तर आहे सहा

श्रीधर आगाशे सरांना किळस येण्यासाठी फार काही लागत नाही. साखरेच्या डब्यात ओला चमचा, दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं गणित, फोनवर मोठ्यानं बोलत जिना चढणारा माणूस, एवढंही पुरतं. कसबा पेठेतल्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. ज्या मुलांना त्यांनी शिकवलं, ती आज चाळिशीतसुद्धा त्यांना पाहून रस्ता बदलतात. सर मारत नसत. चुकीच्या उत्तरावर ते नुसतं नाक वर ओढत, आणि ते मारण्यापेक्षा वाईट असे.

पण त्याच सरांची एक सवय मुलांना आवडायची. फळ्यावर कोडं घातलं की ते पाठ फिरवून खिडकीपाशी जात आणि चौकटीवर बोटानं सात टकटकी मारत. सात होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. "हा वेळ तुमचा आहे," ते म्हणत. "माझं उत्तर कुठं पळून जात नाही." सात झाल्या की वळत आणि म्हणत, "सांगा." त्या सात टकटकींमध्ये वर्गातलं सगळ्यात मठ्ठ पोरगंही छताकडे बघत विचार करायचं. दुसऱ्या कुठल्या शिक्षकाला हे जमलं नाही, असं सरांचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

दीड वर्षापूर्वी प्रज्ञेश नावाचा त्यांचा एक जुना विद्यार्थी घरी पेढे घेऊन आला. सोबत बायको शेफाली होती. दोघांनी आयटीतल्या नोकऱ्या सोडल्या होत्या आणि स्वारगेटजवळ एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन मोबाइलवर बघायचे छोटे व्हिडिओ बनवायला घेतले होते.

"सर, तुमची कोडी," प्रज्ञेश म्हणाला. "शॉर्ट फॉरमॅट. कोडं, मग पॉज, मग उत्तर. लोक मधल्या वेळात कमेंटमध्ये गेस करतात. तुमचा आवाज, तुमचं नाव. चॅनेलचं नावच 'सरांचं कोडं'."

"पॉज किती?" सरांनी एवढंच विचारलं.

"तीन सेकंद."

"तीन सेकंदांत माणूस शिंकतो. सात."

शेवटी पाचावर तोड झाली. नीरजाताई, म्हणजे सरांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घरात कुणी ऐकत नाही, तेव्हा आता महाराष्ट्र ऐकू दे." त्यांचं बोलणं हे असं असतं आणि सर त्याकडे लक्ष देत नाहीत, निदान तसं दाखवतात.

त्या तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्डिंगसाठी एक भिंतीतलं कपाट रिकामं केलं होतं आणि आतून गाद्या ठोकल्या होत्या, बाहेरच्या बसचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून. सर त्या कपाटात स्टुलावर बसत आणि घामाघूम होऊन कोडी वाचत. पहिल्याच दिवशी त्यांनी एक काम करून टाकलं, जे फक्त त्यांच्यासारखा माणूसच करेल. बहुतेक कोड्यांचं उत्तर आकड्यात असतं, तर प्रत्येक वेळी परत कशाला यायचं, म्हणून त्यांनी "उत्तर आहे एक" पासून "उत्तर आहे शंभर" पर्यंत सगळं एका बैठकीत बोलून ठेवलं. प्रत्येक आकडा वेगळा, स्वच्छ, त्याच सुरात. ऐंशीच्या पुढे घसा बसला तर पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली. शेफाली म्हणाली, "सर, यू आर अ ब्लेसिंग." सर फुशारले. घरी येऊन नीरजाताईंना सांगितलं की मी त्यांचा किती वेळ वाचवला.

चॅनेल बरं चाललं. रोज सकाळी सहाला एक कोडं. चष्मा लावलेला चित्रातला मास्तर फळ्यापाशी उभा, सरांचा आवाज, मग "उत्तर कमेंटमध्ये लिहा", मग गोल घड्याळ पाच सेकंद फिरणार, आणि उत्तर. तीन-चार हजार लोक बघत, शंभरेक उत्तरं लिहीत. सर रोज सहाला उठून फोन घेऊन बसत आणि सगळ्या कमेंट वाचत, पूर्वी वह्या तपासत तसं. बरोबर उत्तरापुढे काय लिहायचं ते शेफालीला फोनवर सांगत, कारण चॅनेलची किल्ली तिच्याकडे होती. "त्या सोलापूरच्या मुलाला लिही, रीत चांगली आहे." शेफाली लिहायची. सुरुवातीला लिहायची.

या रोजच्या उत्तर देणाऱ्यांत एक बाई होती. चंपा काळभोर असं नाव यायचं. ती नुसता आकडा लिहीत नसे, कसा काढला तेही लिहायची. शुद्धलेखन अगदीच पडेल, पण रीत चोख. एकदा तिनं लिहिलं की लोणी काळभोरला कॉलेजच्या गेटासमोर तिची पोहे-वड्यांची गाडी आहे आणि सकाळी कढई तापेपर्यंत ती सरांचं कोडं सोडवते. दुसऱ्यांदा लिहिलं की सातवीत शाळा सुटली, पण सरांच्या कोड्यांमुळे गणिताची भीती गेली आणि आता ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार आहे. सरांनी ती कमेंट नीरजाताईंना वाचून दाखवली. मग भाजी घ्यायला गेल्यावर भाजीवाल्यालाही सांगितली. चौतीस वर्षांत पगार मिळाला, घड्याळ मिळालं, शाल मिळाली, पण एवढं समाधान मिळालं नव्हतं, असं ते स्वतःशी कबूल करत होते.

मग जुलैमध्ये ते बसचं कोडं आलं.

कोडं सरळ होतं. स्वारगेटहून सकाळी सहाला पहिली बस सुटते. त्यानंतर दर दहा मिनिटांनी एक. सातच्या ठोक्याला सुटणारी बस धरून, सात वाजेपर्यंत किती बस सुटल्या? घाईनं सहा म्हणावंसं वाटतं. साठ मिनिटं, दहा-दहाचे सहा भाग. पण सहाची पहिली बस मोजायची राहते. उत्तर सात. सरांनी हे कोडं सहावीच्या मुलांना वर्षानुवर्षं घातलं होतं.

त्या सकाळी सहाला सरांनी फोन उघडला. चित्रातल्या मास्तरानं कोडं सांगितलं, घड्याळ पाच सेकंद फिरलं, आणि सरांचा स्वतःचा आवाज ठणठणीत म्हणाला, "उत्तर आहे सहा."

सरांनी चष्मा पुसला. परत लावून पाहिलं. पुन्हा सहा.

काय झालं होतं ते समजायला फार डोकं लागत नव्हतं. शेफालीकडे पन्नास कोड्यांची यादी असायची, पुढे उत्तराचा आकडा. तिनं वरच्या ओळीचा आकडा खाली ओढला आणि तयार आवाजांतून "सहा" उचलून चिकटवला. पूर्वी सर प्रत्येक व्हिडिओ आधी बघत. महिन्याभरापासून प्रज्ञेश म्हणत होता, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही शेड्यूल करून ठेवतो." सरांनी ते ऐकलं होतं. जूनमधली सकाळ, झोप बरी लागत होती.

त्यांनी लगेच फोन करायला हवा होता. त्यांनी नऊला केला. मधल्या तीन तासांत काय झालं, हे त्यांनी नीरजाताईंनाही नीट सांगितलेलं नाही. झालं असं की कमेंटचा आकडा चढत होता. चारशे, सातशे, अकराशे. लोक भांडत होते. कुणी बोटं मोजून दाखवत होतं, कुणी तक्ता लिहीत होतं, कुणी स्वतःच्या शिक्षकांना मध्ये ओढत होतं. एवढे हात एका वेळी वर गेलेले सरांनी आयुष्यात पाहिले नव्हते. उत्तर चुकीचं आहे हे माहीत असूनही ते बघत बसले, आणि त्यांना ते आवडलं.

"सर, जस्ट सी," प्रज्ञेशचा आवाज आनंदानं फाटत होता. "दीड लाख व्ह्यूज."

"उत्तर सात आहे."

"माहितीये सर. शेफालीची चूक झाली. पण टाकलेला व्हिडिओ आतून बदलता येत नाही. काढून परत टाकला तर सगळं शून्यापासून."

"मग वर दुरुस्ती लिहा. सगळ्यात वर अडकवता येते ना कमेंट?"

"पिन करता येते. करतो. फक्त दोन दिवस द्या सर. दोन दिवस वाढू दे."

आणि सर म्हणाले, "ठीक आहे."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून गेले. उतरवलेलं गणित बघून ज्यांना ओकारी यायची, त्यांच्या तोंडून.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा कमेंट वाचायला बसले, सुरुवातीपासून. वर दुरुस्ती कुठंच अडकवलेली नव्हती. पहिल्या दहा मिनिटांतलीच एक कमेंट चंपा काळभोरची होती. तिनं लिहिलं होतं, सहाला एक, सहा दहाला दोन, वीसला तीन, तीसला चार, चाळीसला पाच, पन्नासला सहा, सातला सात. उत्तर सात. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. "मावशी, पोहे विका." "सर बोलले ना सहा, तू सरांपेक्षा हुशार का?" "अशा बायकांमुळे देश मागे." हसणारे पिवळे चेहरे, एकाखाली एक, अळ्या पडल्यासारखे. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, चॅनेलच्या नावानं, चित्रातल्या मास्तराच्या तोंडासह एक उत्तर होतं, "छान प्रयत्न! पुन्हा एकदा विचार करा." शेफालीनं तयार ठेवलेल्या वाक्यांपैकी ते एक होतं. उत्तर चुकलं की हे चिकटवायचं. कुणी वाचायचंसुद्धा नाही, नुसता आकडा जुळतो का बघायचं.

त्याखाली चंपाबाईंनी शेवटचं लिहिलं होतं. "सर म्हणत्यात म्हंजे माझंच चुकलं. फॉर्म आणून ठेवला होता. पण हे आपलं काम नाय."

सर ताडकन उठले आणि स्वारगेटला गेले. तीन मजले न थांबता चढले. शेफाली संगणकासमोर बसून डब्यातली थंड इडली खात होती.

"तिला लिही," सर म्हणाले. "आत्ता. तिचं बरोबर आहे असं लिही, चूक आमची असं लिही."

"हो सर, लिहिते," शेफाली म्हणाली. पण तिचे डोळे पडद्यावरच होते. तिनं आलेख त्यांच्याकडे वळवला. "हे बघा ना सर. आधीच्या व्हिडिओंमध्ये लोक उत्तर आलं की निघून जायचे. यात उत्तर ऐकून परत पहिल्यापासून बघतात. म्हणजे पंधरा सेकंदांचा व्हिडिओ सरासरी बावीस सेकंद बघितला जातोय. एकेक माणूस दीड वेळा. मग तो आणखी लोकांपुढे जातो."

"कशासाठी परत बघतात?"

"चुकलंय का हे चेक करायला."

"चुकलंय."

"तेच तर," आतून प्रज्ञेश म्हणाला आणि बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर एक तेज होतं, आणि ते पाहून सरांना त्याचा सहावीतला पहिला नंबर आठवला. "सर, बरोबर उत्तराला लोक लाइक देतात. चुकीच्या उत्तराला भांडतात. भांडण म्हणजे कमेंट. आपण आठवड्यातनं दोन असे ठेवले ना, मुद्दाम, तर—"

"मुद्दाम चुकीचं उत्तर."

"एंगेजमेंट म्हणतात त्याला."

"माझ्या काळी त्याला लबाडी म्हणत."

"सर, कुणाचं काय नुकसान होतंय? कोडंच आहे."

सरांनी त्याला चंपाबाईंबद्दल सांगितलं. प्रज्ञेशनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि "सो सॅड" म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. सरांना वाटलं, या पोराला मी शिकवलं. याची वही मी तपासली. तिथं आपला हात लागला होता या विचारानंच त्यांना हात धुवावेसे वाटले, आणि त्यांनी खरोखरच मोरीत जाऊन साबण लावून धुतले. मग बाहेर येऊन सांगितलं की यापुढे माझा आवाज मिळणार नाही.

"ओके सर," प्रज्ञेश शांतपणे म्हणाला. "नो इश्यू. तुमचे उत्तराचे आकडे आहेतच आमच्याकडे. एक ते शंभर. आणि कोडं शेफाली वाचेल."

सर जिना उतरले तेव्हा त्यांचे कान तापले होते. दुसऱ्या आठवड्यात शेफालीच्या गोड आवाजात कोडं आलं. एका लाकडी ओंडक्याचे पाच तुकडे करायचे, किती वेळा कापावं लागेल? घड्याळ फिरलं, पाच नव्हे, तीनच सेकंद. मग सरांचा आवाज: "उत्तर आहे पाच." चार वेळा कापलं की पाच तुकडे होतात हे बालवाडीतल्या पोरालाही सुरी देऊन कळेल. खाली नऊ हजार कमेंट. पुढच्या आठवड्यात नवी युक्ती आली, उत्तर अर्ध्या सेकंदापुरतं झळकून जायचं, थांबवून बघितल्याशिवाय दिसायचं नाही. वर लाल अक्षरांत, "९९ टक्के लोक चुकतात". ही टक्केवारी कुणी मोजली होती, हे विचारायला सर कुणाकडे जाणार?

सरांनी लढायचं ठरवलं. स्वतःच्या फोनवरून, श्रीधर आगाशे या स्वतःच्या नावानं ते रोज सकाळी कमेंट लिहू लागले. "मी स्वतः आगाशे सर. हे उत्तर चुकीचे आहे. माझा आवाज परवानगीशिवाय वापरला आहे." लोकांनी त्यांना उभं आडवं धुतलं. "सरांच्या नावाने फेक अकाउंट." "आजोबा, झोपा." "खरे सर असे मराठी लिहिणार नाहीत." एकानं त्यांच्या शुद्धलेखनाची चूक काढली, जी चूक नव्हती. सर प्रत्येकाला उत्तर देत राहिले, मुद्देसूद, क्रमांक घालून. पंधराव्या दिवशी त्यांना प्रज्ञेशचा संदेश आला. "थँक्स सर. तुमच्या थ्रेडमुळे व्हिडिओ डबल चाललाय. कीप इट अप." खाली जोडलेले हात.

त्यानंतर सरांनी फोन दोन दिवस तांदळाच्या डब्याशेजारी फडताळात ठेवला. जे लिहावं ते त्याच तोंडात जात होतं. बरोबर लिहा, चूक लिहा, शिव्या द्या, त्या यंत्राला सगळं सारखंच पचत होतं. नाल्याला लावलेल्या जाळीत अडकलेल्या घाणीसारखं ते रोज फुगत होतं, आणि त्यातला निम्मा भाग आपण घातलाय हे सरांना कळत होतं.

चंपाबाईंना त्यांनी उत्तर लिहायचा प्रयत्न केला होता, पण तोवर तिनं ती कमेंट काढून टाकली होती. कमेंट गेली की तिच्याखालचं सगळंच जातं. शेफालीनं काही लिहिलं होतं की नाही, हेही मग कळायला मार्ग उरला नाही. तिच्या नावावर टिचकी मारली तर एक सूर्यफुलाचं चित्र आणि बाकी काही नाही.

"मग जाऊन सांगा ना," नीरजाताई म्हणाल्या. "लोणी काळभोर काही अमेरिकेत नाही."

सर म्हणाले, गुडघा दुखतोय. मग म्हणाले, गणपती होऊन जाऊ देत. मग पितृपक्ष. मग पाऊस लांबला. रोज जेवताना मात्र ते प्रज्ञेशचे, शेफालीचे, त्या हसणाऱ्या पिवळ्या तोंडांचे, देशाच्या बुद्धीचे आणि एकूण मनुष्यजातीचे वाभाडे काढत. भाकरी तोडत म्हणत, किळस येते, नुसती किळस. नीरजाताई वाढत राहत. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी त्यांनी पळी भांड्यात ठेवली.

"अहो, तुमची किळस ऐकून ऐकून आता मला जेवण जात नाही. जिचं वाटोळं झालं तिला एक शब्द सांगायला तुम्हाला अडीच महिने झाले. पंचांग संपत आलं. उद्या जा, नाहीतर हा विषय या ताटावर परत नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वारगेटला गेले आणि हडपसरवरून सोलापूर रस्त्यानं जाणारी बस धरली. तासाभरात लोणी काळभोर आलं. ट्रक, धूळ, उसाची गाडी, कॉलेजची भली मोठी कमान. गेटासमोर तीन गाड्या होत्या. मधल्या गाडीवर पत्र्यावर रंगानं लिहिलं होतं, 'चंपा नाष्टा'. कढईपुढे पस्तिशीची एक बाई, पदर खोचलेला, कपाळावर पीठ, आणि समोर दहा-बारा मुलं-मुली उभी. कोण काय खातंय, कुणाचा दुसरा वडा, कुणी मिरची जास्त मागितली, सगळं तिला तोंडपाठ होतं. कुणी काही लिहीत नव्हतं. सर बाजूला उभे राहून बघत होते. हिला गणित जमणार नाही?

गर्दी ओसरल्यावर त्यांनी चहा मागितला. आवाज ऐकताच बाईनं मान वर केली.

"तुम्ही ते," ती म्हणाली. "सरांचं कोडं."

"हो. श्रीधर आगाशे."

तिनं हात पदराला पुसले. चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "अगोबाई. बसा की सर. हितं बसा." तिनं पाण्याची कॅन उलटी करून स्टूल केलं. "आमच्या गाडीवर कसं काय येनं केलं?"

सर बसले नाहीत. घरून पाठ करून आलेलं वाक्य त्यांनी उभ्यानंच म्हटलं. "चंपाबाई, बसच्या कोड्याचं तुमचं उत्तर बरोबर होतं. सात. व्हिडिओत सहा म्हटलं ते चूक होतं. मी ते सांगायला आलो."

तिनं डाव्या हाताची बोटं मोजली, ओठ हलवत. पाच झाल्यावर उजव्या हाताची दोन. "सात," ती म्हणाली. "सातच येतंय. मी तवा बी दहा डाव मोजलं व्हतं. मालकाला म्हणलं, सात येतंय. ते म्हणले, सर चुकतील व्हय? मग मीबी म्हणलं, माझ्याच डोक्यात कायतरी उलटं हाय." ती हसली, पण हसणं अर्ध्यातच थांबलं. "तर ती चूक झाली व्हती तुमच्याकडनं."

"त्यांच्याकडून. आकडा चुकीचा लावला."

"व्हय का." ती विचार करत होती. सरांना ते तोंड ओळखू आलं, टकटकींच्या मधलं तोंड. "आन् तुम्हाला कवा कळलं सर?"

सर सांगू शकले असते की नुकतंच कळलं. मन तिकडे धावलंही. पण चौतीस वर्षांची सवय होती, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची.

"त्याच सकाळी. सहा वाजता."

चहा उकळून वर आला. तिनं गॅस कमी केला, चहा गाळला, कप त्यांच्यासमोर फळीवर ठेवला. सगळं सावकाश.

"माझ्याकडनं गिऱ्हाइकाला शिळा वडा गेला ना सर," ती म्हणाली, "आन् मला कळलं, तर मी कढई सोडून त्याच्यामागं पळन. गेटाच्या आत गेला तरी जाईन. वॉचमनशी भांडन." आवाज चढलेला नव्हता. "तुम्हाला सकाळीच म्हाईत व्हतं. आन् माझ्या नावाखाली लोकं घाण लिवत व्हती ते बी तुम्ही वाचलं असंल."

"वाचलं. तिसऱ्या दिवशी."

"आन् आज आला."

सरांना प्रज्ञेशबद्दल सांगायचं होतं, जिना उतरल्याचं, फेक अकाउंट म्हणून झालेल्या अपमानाचं. ते तोंडापर्यंत आलं आणि त्यांना स्वतःलाच ते नको झालं. त्यांनी विचारलं, "फॉर्म भरलात का?"

"न्हाय."

"मुदत आहे ना अजून? मी शिकवीन. रोज येईन इथं. फुकट."

"मुदत गेल्या मंगळवारी झाली."

"मग पुढच्या वर्षी," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की. तुमची रीत फार चांगली आहे. मी खात्रीनं सांगतो, तुम्ही पास व्हाल."

चंपाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नाक किंचित वर ओढलेलं, ओठ मिटलेले. सरांना ती नजर आतपर्यंत कळली. आयुष्यभर त्यांनी ती इतरांना दिली होती, त्यांना स्वतःला ती आजवर कुणी दिली नव्हती.

"पास व्हईन का नापास, ते माझं मी बघीन," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगितलं म्हणून मला काय खरं वाटायचं न्हाय."

कॉलेजची दोन मुलं आली आणि चार वडापाव बांधून मागितले. ती त्यांच्याकडे वळली आणि पाव कापू लागली. सरांनी कप उचलून चहा संपवला, कारण तो तिनं केलेला होता, आणि ते धूळ उडवणाऱ्या ट्रकांच्या कडेनं थांब्याकडे चालू लागले.